दहावीच्या बॅचच्या गेट टुगेदरला चेहरे ओळखू येत नाहीत, आधी कोणाकडे जायचं?

प्रश्न: आमच्या १९९६ च्या दहावीच्या बॅचचं गेट टुगेदर दिवाळीत आहे. तीन तुकड्या मिळून दीडशे जण येणार म्हणतायत. मी दहावीनंतर लगेच गाव सोडलं, आता बडोद्याला असतो, २९ वर्षांत कोणालाच भेटलेलो नाही. ग्रुपवरचे फोटो बघून चार-पाच जण सोडले तर कोणी ओळखू येत नाही. हॉलमध्ये शिरल्यावर आधी कोणाकडे जाऊ? आणि समोरच्याचं नाव आठवलं नाही तर काय बोलायचं?

उत्तर:

मी साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावातली. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थी संघाचं नोंदणीचं टेबल गेली चौदा वर्षं माझ्याकडे आहे, वेगवेगळ्या बॅचचे तेवीस मेळावे झाले त्यात, सगळ्यात मोठा दोनशे दहा जणांचा. टेबल दाराशीच असतं त्यामुळे आत येणारा माणूस पहिल्या दोन मिनिटांत काय काय करतो ते मला फुकटात बघायला मिळतं. बहुतेक जण काय करतात सांगू? दारात उभं राहून मोबाईल काढतात. कोणाचा फोन वगैरे आलेला नसतो, नुसतंच स्क्रीनवर बोट फिरवत उभे, कोणीतरी हाक मारेल या आशेवर. आणि आत उभे असलेले पण तेच करत असतात.

तर आधी थेट उत्तर. सगळ्यात जवळच्या मित्राकडे आधी जाऊ नका. आधी जा त्याच्याकडे जो गाव सोडून कधी गेलाच नाही.

प्रत्येक बॅचमध्ये असा एक तरी असतोच. मेडिकलवाला असेल, बँकेत असेल, शेती बघत असेल, शाळेतच शिक्षक म्हणून लागलेला असेल. बहुतेक वेळा ग्रुपचा अॅडमिनही तोच असतो. शाळेत तो तुमचा मित्र होता की नव्हता याला काही महत्त्व नाही. त्याच्याकडे तीन गोष्टी असतात ज्या तुमच्याकडे नाहीत. एक, त्याने ही सगळी माणसं मधल्या वर्षांत अधूनमधून बघितलेली असतात, लग्नात, यात्रेत, मयताला, एसटी स्टँडवर, त्यामुळे त्याच्यासाठी ते चेहरे हळूहळू बदललेत, तुमच्यासारखे एका रात्रीत नाही. दोन, कोण आलंय कोण यायचंय हे त्याला माहीत असतं. आणि तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, कोणाच्या घरी काय झालंय हे त्याला माहीत असतं.

ही तिसरी गोष्ट मला स्वतःला महागात पडलीये. आमच्याच बॅचच्या पहिल्या गेट टुगेदरला मी एका मैत्रिणीला लांबूनच ओळखलं, इतका आनंद झाला की धावत जाऊन मिठी मारली आणि पहिलं वाक्य काय, तर "मिस्टर नाही आले गं?" ते जाऊन सात महिने झाले होते. ती बिचारी काही बोलली नाही, माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली, उलट मलाच. शेजारी उभ्या असलेल्या तिघींना सगळं माहीत होतं. मी आधी त्यांच्यापैकी एकीशी दोन मिनिटं बोलले असते तर हे झालंच नसतं.

पंचेचाळिशीच्या आसपासच्या बॅचमध्ये दीडशे माणसं म्हटली की कोणाचे आईवडील गेलेले असतात, कोणाचा घटस्फोट झालाय, कोणाचं मूल आजारी आहे, आणि वर्गातलेच चार-पाच जण आता नसतात. कार्यक्रमात दीपप्रज्वलनानंतर श्रद्धांजली असते, तेव्हा नावं वाचली जातात. तुम्ही तासभर आधीच "अरे तो आपला अमुक कुठंय, दिसत नाही" असं मोठ्याने विचारून बसलात तर अख्खा घोळका गप्प होतो. म्हणून त्या गावातल्याला खरं तर आदल्या दिवशीच फोन करा. दहा मिनिटं पुरतात. सरळ विचारा, "कोण कोण गेलं आपल्यातलं? आणि कोणाला काय विचारायचं नाही ते सांगून ठेव." तो सांगतो. लोकांना सांगायला आवडतं असं नाही, पण असलं काही घडू नये असं त्यालाही वाटत असतं, कारण निस्तरायला तोच लागतो.

आता चेहऱ्यांचं.

माझी भाची मानसशास्त्र शिकते, तिने मला एक जुना अभ्यास सांगितला होता. १९७५ साली अमेरिकेत हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९२ जणांना त्यांच्या शाळेच्या बॅचचे फोटो दाखवून तपासलं. शाळा सोडून ३५ वर्षं झालेल्यांनीसुद्धा दहातले साधारण नऊ चेहरे ओळखले. पण फोटो न दाखवता नुसती नावं आठवा म्हटल्यावर मात्र त्यामानाने फारच कमी नावं आठवली. मला हे ऐकून एकदम पटलं, कारण टेबलावर अगदी हेच होतं. फक्त एक फरक आहे आणि तुमचा सगळा प्रश्न त्या फरकात आहे. त्या लोकांना दाखवलेले फोटो *तेव्हाचे* होते. तुमच्याही डोक्यात तेव्हाचा चेहरा शाबूत आहे, समोर उभा आहे तो आत्ताचा. म्हणजे तुमची स्मरणशक्ती गेलेली नाही, फक्त दोन चेहरे जुळत नाहीयेत. मग करायचं काय, तर तेव्हाचा चेहरा ताजा करून न्यायचा.

दहावीचा वर्गाचा ग्रुप फोटो असतो ना, शिक्षक खुर्चीवर, मुली त्यांच्या शेजारी नाहीतर खाली सतरंजीवर, मुलं मागे बाकावर उभी, तो शोधा. तुमच्याकडे नसेल तर ग्रुपवर मागा, कोणीतरी टाकतंच. आणि हजेरीची यादी मिळवा. आमच्याकडे हजेरीत आधी मुलं मग मुली, आडनावाच्या क्रमाने असायची, आणि ती नावं आपण वर्षभर रोज सकाळी ऐकलेली असतात, त्यामुळे एक आडनाव वाचलं की पुढची दोन आपोआप तोंडात येतात. फोटो आणि यादी शेजारी ठेवून दोन-तीन संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटं बसा. सगळे दीडशे करू नका, स्वतःच्या तुकडीचे पन्नास बास झाले. व्हॉट्सअॅपच्या डीपीच्या नादी लागू नका, निम्म्यांच्या डीपीवर स्वामी समर्थ असतात नाहीतर मुलाचा पहिला वाढदिवस.

हॉलमध्ये समोरचा चेहरा वाचताना केस आणि अंगकाठी आधी बाजूला ठेवा. अनोळखी माणसाला आपण केसांवरून, चेहऱ्याच्या एकंदर आकारावरून लक्षात ठेवतो, आणि नेमकं तेच २९ वर्षांत सगळ्यात जास्त बदलतं. टक्कल पडतं, केस रंगवतात, गाल भरतात, दाढी येते. ओळखीच्या माणसाला मात्र आपण डोळे-नाक-ओठ या मधल्या भागावरून ओळखतो. त्यातही डोळ्यांमधलं अंतर, भुवयांची ठेवण आणि हसताना तोंड कसं वाकडं होतं ते फारसं बदलत नाही. म्हणून समोरचा हसेपर्यंत थांबा. माझ्या टेबलावर कितीतरी वेळा असं झालंय की माणूस सही करून पेन परत देताना हसला आणि मी यादीत न बघता नाव सांगितलं.

आवाजाचंही तसंच. पाठमोरा उभा असलेला माणूस बोलायला लागला की ओळखू येतो, तोंडाकडे बघितलं की पुन्हा हरवतो. चालही तशीच, मागून येणाऱ्याच्या चालीवरून मी एकाला ओळखलं होतं, शाळेत कबड्डी खेळताना गुडघा दुखावला होता तेव्हापासून जरा तिरका चालायचा, अजून तसाच चालतो.

आणि एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती, बघून बघून कळली. पंचेचाळिशीतली माणसं त्यांच्या स्वतःच्या जुन्या चेहऱ्यापेक्षा त्यांच्या आईवडिलांच्या *तेव्हाच्या* चेहऱ्यासारखी जास्त दिसतात. आपण दहावीत होतो तेव्हा आपल्या मित्रांचे वडील चाळीस-पंचेचाळीसचेच होते की. पालक सभेला यायचे, दुकानात बसायचे, सायकलवरून डबा द्यायला यायचे. १९९१ च्या बॅचला एक जण दारातून आत आला आणि माझ्या शेजारी बसलेली म्हणाली, "अगं ते किराणावाले काका अजून आहेत?" काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, आलेला त्यांचा मुलगा होता. म्हणून चेहरा लागेना झाला की मनात विचारायचं, हा कोणाचा बाप वाटतो? ही कोणाची आई वाटते? दहातल्या तिघाचौघांना तरी या वाटेने ओळखता येतं. फक्त तसं तोंडावर बोलून दाखवू नका, निदान बायकांना तरी नको. "अगदी आईसारखी दिसायला लागलीस" हे वाक्य कोणाला कसं लागेल सांगता येत नाही.

आणि काही माणसांना चेहरे लक्षात ठेवायलाच जमत नाहीत, घरच्यांनाही वेगळ्या कपड्यात चटकन ओळखत नाहीत. तुम्ही त्यातले असाल तर हे डोळे-नाक-ओठ वगैरे सोडून द्या, बॅज वाचा आणि आवाज ऐका, बाकी सगळं तसंच.

आता बोलायचं काय. इथे मी जरा हट्टी आहे. "ओळख बघू मी कोण!" हा खेळ खेळू नका आणि कोणी खेळायला लागलं तर लगेच मोडून टाका. ज्याला हा खेळ सुचतो त्याला वाटतं मजा आहे, समोरच्याची मात्र तोंडी परीक्षा चालू असते. त्याला आठवलं नाही तर दोघंही ओशाळतात आणि पुढचं बोलणंच खुंटतं.

त्यापेक्षा स्वतःचं नाव आधी सांगायचं. नुसतं नाव नाही. नाव, तुकडी, कुठल्या बाकावर बसायचो, आणि एखादी खूण. म्हणजे कसं, "मी अमुक, ब तुकडी, खिडकीकडच्या रांगेत तिसरा बाक, भूमितीच्या तासाला कंपास विसरायचो तो." हे ऐकताना समोरच्याच्या डोक्यात वर्गाचा नकाशा उभा राहतो. नाव हे नुसतं नाव असतं, त्याला चिकटायला काही नसतं म्हणून ते निसटतं, बाक आणि कंपास यांना चित्र असतं. आणि गंमत म्हणजे तुम्ही असं बोललात की समोरचाही त्याच साच्यात उत्तर देतो, "अरे! मी क तुकडी, पण आपण एनसीसीला एकत्र होतो," आणि तुम्हाला न विचारता त्याचं नाव-गाव मिळून जातं. तुमची खूण कोणती ते घरून ठरवून जा. पहिल्या नंबरची, बक्षिसाची खूण नको, फजितीची चालते, फजिती सगळ्यांच्या लक्षात असते.

त्याने नाव सांगितलंच नाही तर? तर अंदाजाने नाव घेऊ नका. नाव विसरलं हे माणूस समजून घेतो, दुसऱ्याचं नाव चिकटवलं की खरंच वाईट वाटतं, विशेषतः ज्याला शाळेतही कोणी फारसं विचारत नव्हतं त्याला. सरळ म्हणायचं, "चेहरा पक्का ओळखीचा आहे, आवाज तर तोच, नाव तेवढं सांग बाबा." आवाज तोच हे म्हणायला विसरू नका, त्यात "तू मला पूर्ण परका नाहीस" हे सांगून होतं. ते फोन पुढे करून "तुझा नंबर सेव्ह कर ना" म्हणायचं जे तंत्र लोक वापरतात ते आता चालत नाही, सगळे आधीच ग्रुपवर असतात, समोरचा म्हणतो ग्रुपवर आहे की माझा नंबर, मग तुम्ही अडकलात.

आणि पूर्ण चुकलातच तर? मी एकदा एका गृहस्थांशी दहा मिनिटं आपल्याच वर्गातले समजून बोलत होते, प्रयोगशाळेतला शिपाई, सहलीला बस बंद पडली होती ते सगळं. ते छान हसून हो हो करत होते. शेवटी म्हणाले, "मी या शाळेत नव्हतो हो, ही माझी मिसेस तुमच्या वर्गात होती." मी म्हटलं, मग तुम्हाला आता आमच्या सहलीची सगळी माहिती झाली, बोलवा तिला. बास, हसून विषय संपवायचा. दहा वेळा सॉरी म्हणत बसलं की समोरच्याला तुम्हाला सावरत बसावं लागतं.

तुम्ही पुरुष आहात म्हणून वर्गातल्या मुलींबद्दल वेगळं सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ९६ सालच्या तालुक्याच्या शाळेत मुलं-मुली एकमेकांशी बोलत नव्हती, तीन वर्षं एका वर्गात बसून एक वाक्य झालेलं नसायचं. आता तीच बाई पंचेचाळिशीची, शेजारी नवरा, बरोबर कॉलेजातला मुलगा. तू म्हणायचं का तुम्ही? एकदम "काय गं" म्हटलं तर तिला खटकेल की काय, आणि "अहो ताई" म्हटलं तर गेट टुगेदरला आलो कशाला. यावर मराठीतच सोय आहे. सुरुवातीला तू-तुम्ही लागणारच नाही असं बोलायचं. "कधी येणं झालं?" "सध्या मुक्काम कुठे?" यात सर्वनाम कुठेच नाही. तीन-चार वाक्यांत ती काय म्हणते ते ऐका, ती "तू अ तुकडीत ना रे?" म्हणाली की तुम्हीही तू वर या, ती तुम्ही म्हणत राहिली तर तुम्हीही तुम्हीच ठेवा. हात पुढे करू नका, नमस्कार करा, तिने हात पुढे केला तर मिळवा. नवरा शेजारी असेल तर आधी त्याला नाव आणि तुकडी सांगा, तो बिचारा दिवसभर कोणाला ओळखत नसतो, त्याच्याशी दोन शब्द बोलणारा माणूस त्या दोघांनाही लक्षात राहतो.

मुलींची नावं हा वेगळाच घोळ. आडनाव तर बदलतंच, पण आमच्याकडे बऱ्याच घरांत लग्नात तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहून पहिलं नावही बदलायचे. ग्रुपवर जी तुम्हाला पूर्ण अनोळखी नावाने दिसते ती कदाचित तुमच्या मागच्या बाकावर बसणारी असेल. म्हणून मी बॅजवर माहेरचं नाव मोठ्या अक्षरात घालते आणि सासरचं खाली बारीक. काही जणी मात्र माहेरचं नाव नको म्हणतात, त्यामागे काय असेल ते त्यांचं त्यांना माहीत, मी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. बॅजवर आहे त्या नावाने बोलायचं.

बॅजचं निघालंच आहे तर आयोजकांना एक निरोप द्या माझ्याकडून. बॅज उजव्या बाजूला लावायला सांगा. पदर डाव्या खांद्यावर असतो, डावीकडे लावलेला बॅज पाच मिनिटांत पदराखाली जातो. पिन नको, कोणी पैठणीला पिन लावून घेत नाही, बॅज पर्समध्येच राहतो. गळ्यातली दोरी ठीक, पण दोन्ही बाजूंना नाव छापा कारण तो कार्यक्रमभर उलटाच फिरतो, आणि दोरी आखूड ठेवा, लांब दोरीचा बॅज पोटावर लोंबतो आणि नाव वाचायला सगळे एकमेकांच्या पोटाकडे बघत बोलतात, बायकांना ते नको वाटतं. जमलं तर दहावीच्या ग्रुप फोटोतला चेहरा कापून नावाच्या शेजारी छापा, टपालाच्या तिकिटाएवढा पुरे. मघाशी म्हटलं ते दोन चेहरे जुळवायचं काम तो एवढासा फोटो करतो. आम्ही चार बॅचना केलं, त्या चारही वेळा चहा गार होईपर्यंत लोक एकमेकांचे बॅजच बघत होते.

टोपणनावांबद्दल मात्र सांभाळून. शाळेत ज्याला आपण पक्या, गोट्या म्हणायचो त्याला आधी खऱ्या नावाने हाक मारा, तो स्वतः म्हणाला "अरे पक्याच म्हण" की मग म्हणा. काही नावं आपल्याला गंमत वाटायची, त्याला नाही. एका मेळाव्यात एक जण पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा आला होता, लहानपणी बोलताना अडखळायचा. सूत्रसंचालन करणाऱ्याने माईकवरून त्याला त्याच जुन्या नावाने स्टेजवर बोलावलं, प्रेमानेच. तो गेला, बोलला पण नीट. जेवणाच्या आधी मी टेबल आवरत होते तर तो बाहेर चप्पल घालत होता. बॅज टेबलावर ठेवून गेला. पुढच्या वेळी मी फोन केला तर उचलला नाही.

म्हणूनच गावातल्याच्या नंतर कोणाकडे जायचं याचं माझं उत्तर असं, की जो एकटा उभा आहे त्याच्याकडे. खांबाजवळ, पाण्याच्या जारजवळ, नाहीतर भिंतीवरचे जुने फोटो फार लक्ष देऊन बघत असलेला. घोळक्यात शिरणं अवघड असतं, सहा-सात जण गोल करून हसत असतात, मधे तोंड घालायला फट नसते. एकट्याकडे जायला काहीच लागत नाही. आणि दोघं झालात की तो तुमचा छोटा घोळका झाला, तिसरा आपोआप येऊन मिळतो.

हे कसं जमतं त्याचं एक उदाहरण देते, गेल्या वर्षीचंच, १९९४ च्या बॅचचं. एक जण इंदूरहून आला होता, तुमच्यासारखाच, तीस वर्षांनी. साडेदहाची वेळ दिली होती, हा दहालाच हजर. मी मनात म्हटलं शहाणा आहे, कारण साडेदहा ते अकरा एकदम साठ-सत्तर जण येतात, तेव्हा कोणाचाच चेहरा नीट दिसत नाही, दहाला मात्र एक-एक करून येतात. गावातल्या मेडिकलवाल्याशी त्याचं आदल्या रात्री बोलणं झालं होतं. त्याने मला विचारलं, बॅज वाटायला मदत करू का? मी दिले. पुढचा अर्धा तास तो माझ्या शेजारी उभा राहून प्रत्येकाला बॅज देत होता, देताना नाव वाचायचं, चेहरा बघायचा, आणि "मी अमुक, क तुकडी, गॅदरिंगला झाड झालो होतो तो" एवढं बोलायचा. झाड झालो होतो यावर लोक थांबायचेच. अर्ध्या तासात पस्तीसेक जणांना भेटला तो, एकालाही "ओळखलं का" न विचारता. अकराला पोह्यांच्या रांगेत गेला तेव्हा लोकच त्याला हाक मारत होते, अरे झाड, इकडे ये. मग त्याने भिंतीजवळ एकट्या बसलेल्या एका बाईंच्या शेजारी चहा घेऊन खुर्ची टाकली, कोण होत्या ते त्याला माहीत नव्हतं, माहेरी भाऊबीजेला आल्या म्हणून आल्या होत्या, दहावीनंतर लगेच लग्न झालेल्या. त्यांनाच आख्ख्या क तुकडीची हजेरी क्रमाने पाठ होती. पुढच्या वीस मिनिटांत त्यांनी बसल्या बसल्या त्याला हॉलमधले पंधरा-सोळा जण बोटाने दाखवले, तो निळा शर्ट अमुक, ती मोरपंखी साडी तमुक. हे त्याला कुठल्या घोळक्यात मिळालं नसतं.

गुरुजन आले असतील तर त्यांच्याकडे जायला मात्र पत्रिकेतल्या सत्काराची वाट बघू नका. शाल-श्रीफळाच्या वेळी चाळीस जण पाया पडायला रांगेत असतात आणि सरांना कोणाचंच तोंड दिसत नाही. ते आल्या आल्या खुर्चीवर बसतात तेव्हा जा, वाकून नमस्कार करा आणि इथेही नाव-तुकडी-वर्ष आधी सांगा, शक्यतो त्यांच्या कानाजवळ, जरा मोठ्याने. ऐंशीच्या घरातल्या माणसाला "सर, मला ओळखलंत का" विचारणं बरं दिसत नाही.

ओळख परेड असते तेव्हा शेवटच्या रांगेत गप्पा मारत बसू नका. दीडशे जण प्रत्येकी एक मिनिट म्हणजे अडीच तास होतात, म्हणून शहाणे आयोजक जागेवर उभं राहून फक्त नाव-गाव सांगायला लावतात, अर्ध्या-पाऊण तासात उरकतं. तेव्हा खिशात एक चिठ्ठी ठेवा, ज्यांना जेवताना गाठायचंय त्यांची नावं आणि शेजारी कपड्याचा रंग लिहा. माणूस हरवतो, मोरपंखी साडी हरवत नाही.

राहिला तुमचा सगळ्यात जवळचा मित्र. त्याला दिसल्या दिसल्या मिठी मारा, तेवढं करायलाच पाहिजे, पण तिथे थांबू नका, कारण एकदा त्याच्या शेजारी बसलात की उठवत नाही, मग दीडशे माणसांच्या हॉलमध्ये तुम्ही दोघं कोपऱ्यात आणि संध्याकाळी बडोद्याची गाडी. आदल्या दिवशी त्याला फोनवरच सांगून ठेवा की चारनंतर मी तुझा. चारला फोटो झालेले असतात, मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत असतात, आचारी उरलेल्या मठ्ठ्याचे ग्लास फिरवत असतो. दोन खुर्च्या तेवढ्या राहू दे म्हणून त्याला सांगा, आमच्याकडचे तरी ठेवतात.